रात्रपाळीवाल्यांसाठी: "झालंय" म्हणजे नक्की काय झालंय? चार्ज देण्याघेण्याची नवी १५ मिनिटं

मंडळी, सोमवारपासून तिन्ही पाळ्यांमध्ये १५ मिनिटं दोन्हीकडची माणसं एकत्र असणार आहेत. पहिली पाळी ६:४५ ते ३, दुसरी २:४५ ते रात्री ११, आणि आपली रात्रपाळी १०:४५ ते सकाळी ७. म्हणजे जायची वेळ कुणाचीच बदललेली नाही, फक्त यायची १५ मिनिटं अलीकडं आली. हे मुद्दाम तसं केलंय, कारण दुसऱ्या पाळीवाल्यांना ११ नंतर थांबवलं तर आष्टा-पलूसकडच्यांची जायची गाडी चुकते आणि मग कोण थांबतंय, सगळे पावणेअकरापासूनच गेटकडं बघत बसणार. आपली आणायची गाडी तेवढीच १५ मिनिटं आधी सुटेल.

पैशाचं आधीच सांगतो, नाहीतर पुढचं कुणी वाचणार नाही. रोजची १५ मिनिटं, महिन्याचे २६ दिवस धरले तर ३९० मिनिटं, म्हणजे साडेसहा तास, ते ओव्हरटाईममध्ये लागतील असं ऑफिसनं मान्य केलंय. पंचिंग १०:४५ चं धरलं जाईल. आणि एकानं विचारलं होतं की दोन पाळ्या एकावर एक चालवायला कायद्यात बंदी आहे ना, तर त्याचं बरोबर आहे, १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये ५८ वं कलम त्याचंच होतं आणि नवीन कोडमध्येही ती तरतूद आलेली आहे, एकाच जातीच्या कामावर एकाच वेळी दोन तुकड्या लावायच्या नाहीत अशी. सूट मिळू शकते पण ती मागावी लागते, तो कागद ऑफिस बघतंय. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की या १५ मिनिटांत दोघांनी मिळून प्रॉडक्शन काढायचं नाहीये. मशीन जाणाऱ्याच्या हातात असणार, येणारा फक्त चार्ज घेणार. "आलाच आहेस तर जरा क्रेट लाव" असलं काही चालणार नाही.

हे कशामुळं आलं

जुन्या लोकांना माहितीय पण नव्या पोरांसाठी सांगतो. मी आधी ज्या डेअरीत होतो तिथली गोष्ट आहे, डेअरीचं नाव नको. तीन नंबरच्या कच्च्या दुधाच्या सायलोचं सीआयपी दुसऱ्या पाळीनं घेतलं होतं. लाय फिरवून झाली, ती टाकीत परत घेतली, आणि तेवढ्यात ११ वाजले. जाणारा ऑपरेटर गाडीच्या घाईत, येणारा नुकताच पंच करून आत येतोय, दोघं बूट बदलायच्या बाकड्यापाशी भेटले. पहिला म्हणाला, "तीनचं झालंय." दुसरा म्हणाला, "बरं." एवढाच चार्ज.

पहिल्याच्या मनात होतं, तीनची लाय झालीय, आता पाणी मारायचंय. दुसऱ्यानं ऐकलं, तीनचं सीआयपी झालंय, सायलो रिकामा आहे. डॉकवर १० हजार लिटरचा टँकर उभा होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, यानं लाईन तीनला जोडली आणि पंप चालू केला. सायलोच्या तळात आणि लाईनीत मिळून ७०-८० लिटर लायचं पाणी राहिलेलं, दीड टक्क्याचं. त्यात साधारण किलोभर कॉस्टिक. लॅबच्या ताईंनी सायलोचा सॅम्पल काढला तोवर ३ हजार लिटर दूध आत गेलं होतं. अॅसिडिटी ०.१३५ च्या आसपास यायला पाहिजे ती ०.०६ च्या खाली आली. त्यांना आधी वाटलं ब्युरेट बिघडलंय, परत केली, तेच आलं. मग रोझॉलिक अॅसिडचे थेंब टाकले तर दूध गुलाबी-लाल झालं, म्हणजे अल्कली. टँकर थांबवला, आत गेलेलं सगळं दूध इटीपीला गेलं, आणि तो इटीपी पुढं आठवडाभर नीट चालेना ते वेगळंच.

चौकशीत दोघंही खरं बोलत होते. म्हणून मला त्या "झालंय" शब्दाचाच राग आहे. आपल्या भाषेत लय सोयीचा शब्द आहे तो, पण काय झालं, कुठपर्यंत झालं आणि पुढं काय उरलं, यातलं काहीच तो सांगत नाही. सोमवारपासून चार्जमध्ये "झालंय", "ओके आहे", "बघून घे", "नेहमीचंच आहे" हे चार शब्द बंद. हसू नका, खरंच बंद.

१५ मिनिटं कशी वापरायची

चार्ज पॉईंटवरच द्यायचा. गेटवर नाही, कँटीनमध्ये नाही, फोनवर तर अजिबात नाही. डॉकवाला डॉकवर, पाश्चरायझरवाला पॅनलपुढं, पॅकिंगवाला मशीनपाशी, रेफ्रिजरेशनवाला प्लँटरूममध्ये, आणि लॅब लॅबमध्ये. सगळ्यांनी एका टेबलाभोवती गोळा व्हायची मीटिंग नाहीये ही.

१०:४० पासून सह्या होईपर्यंत नवीन काहीही सुरू करायचं नाही. नवा टँकर जोडायचा नाही, सायलो बदलायचा नाही, सीआयपीची पुढची पायरी घ्यायची नाही. पाश्चरायझर चालू असेल तर तो चालूच राहील, पॅकिंगही चालू राहील, ते काही थांबवायचं नाही. पण चालू असलेल्या गोष्टीची दिशा त्या वेळात बदलायची नाही. टँकरवाला ओरडला तर ओरडू दे, पाच-दहा मिनिटांनी दूध फाटत नाही.

पहिली तीन-चार मिनिटं लॉगबुक. जाणाऱ्यानं १०:३० लाच चार्जचं पान भरून ठेवलेलं असलं पाहिजे, आणि येणाऱ्यानं ते स्वतः वाचायचं, समोरच्यानं वाचून दाखवायचं नाही. वाचल्याशिवाय प्रश्न पडत नाहीत. मग सात-आठ मिनिटं दोघांनी मिळून फेरी. पानावर जे लिहिलंय ते जागेवर तसंच आहे का हे बघायची फेरी, फिरायला जायची नाही. व्हॉल्व्हला हात लावून बघा, बेंड कुठं जोडलाय ते डोळ्यानं बघा, टेम्परेचर मीटरवर वाचा. शेवटची तीन मिनिटं उलटं सांगायचं: येणारा बोलेल, जाणारा ऐकेल. "मला समजलं ते असं", म्हणून येणाऱ्यानं परत सांगायचं आणि चुकलं तर जाणाऱ्यानं तिथंच दुरुस्त करायचं. वर सांगितलेल्या गोष्टीत ही तीन मिनिटं असती तर तो "म्हणजे तीनमध्ये टँकर घेऊ ना?" म्हणाला असता आणि पहिला तिथंच किंचाळला असता.

मग दोघांच्या सह्या आणि वेळ. सही होईपर्यंत जबाबदारी जाणाऱ्याची, सही झाली की येणाऱ्याची. मधलं काही नाही.

दूध आणि सायलो

सायलोचं सांगताना पाच गोष्टी: किती लिटर, गाईचं का म्हशीचं, भरायला कधी सुरुवात केली, आत्ताचं टेम्परेचर आणि दोन तासांपूर्वीचं टेम्परेचर, आणि लॅबनं कुठली टेस्ट दिलीय आणि कुठली अजून यायचीय.

दोन तासांपूर्वीचं कशाला असं विचाराल. समजा दोन नंबरमध्ये आत्ता ५.१ अंश आहे. नुसता हा आकडा ऐकला तर माणूस म्हणेल ठीकाय, जरा जास्त आहे. पण ८ वाजता ४.३ होतं हे कळलं की मामला बदलतो, अडीच तासात ०.८ चढलंय. इन्सुलेशन धड असलेल्या सायलोतलं थंड दूध रात्रभरात फार तर एखादा अंश चढतं. म्हणजे इथं काहीतरी चालू आहे. एकतर आत येणारं दूध चिलरमधून पुरेसं थंड होऊन येत नाहीये, किंवा अॅजिटेटर बंद पडून वरचा थर गरम आणि खालचा थंड असं झालंय, किंवा दूध खाली उतरलंय आणि प्रोब उघडा पडून हवेचं टेम्परेचर दाखवतोय. तिन्ही ठिकाणी तुम्ही वेगळी गोष्ट करणार. चिलरचं असेल तर रेफ्रिजरेशनवाल्याला गाठायचं, अॅजिटेटरचं असेल तर इलेक्ट्रिशियन, आणि प्रोबचं असेल तर काहीच करायचं नाही, फक्त सॅम्पल कॉकमधून थर्मामीटरनं खात्री करायची. एकट्या ५.१ वरून यातलं काय ते कळत नाही.

टेस्टचंही तसंच. "लॅबचं आलंय" म्हणू नका. सीओबी निगेटिव्ह आली, अॅसिडिटी इतकी आली, आणि न्यूट्रलायझरची यायचीय, असं सांगा. राहिलेल्या टेस्टचं दूध पाश्चरायझरला सोडायचं नाही, आणि ते कोणतं दूध हे सायलोवर लाल पाटी लावून दिसलं पाहिजे, लॉगबुकात तर पाहिजेच.

डॉकवाल्यांना पावसाळ्यात एक जादा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी चढायला लागलं की कुठला टँकर कुठल्या रस्त्यानं येतोय, कुणाचा फोन शेवटचा कधी आला, हेही चार्जमध्ये. २०१९ आणि २०२१ बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

सीआयपी

आपल्याकडं सायलो आणि कच्च्या दुधाच्या लाईनीच्या सीआयपीच्या पाच पायऱ्या आहेत आणि त्यांना आता नंबर दिलेत. १ म्हणजे साधं पाणी, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. २ म्हणजे लाय, दीड टक्क्याच्या आतबाहेर, ७५ अंशाला २० मिनिटं. ३ म्हणजे परत पाणी. ४ म्हणजे गरम पाणी, ८५ अंश. ५ म्हणजे ड्रेन करून तपासणी. अॅसिडच्या दिवशी ३ नंतर अॅसिड आणि परत पाणी, त्याला ३अ आणि ३ब म्हणा. पाश्चरायझरचं वेगळं पान आहे कारण तिथं अॅसिड रोजच लागतं.

चार्ज देताना नंबर सांगायचा. "तीन नंबर सायलो, पायरी २ पूर्ण, १०:२५ ला संपली, पायरी ३ सुरू नाही." एवढ्या एका वाक्यात काय झालं, कधी झालं, काय राहिलं हे सगळं आलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सायलोवर जी पाटी आहे ती पायरी ५ ची सही होईपर्यंत "सीआयपी अपूर्ण, दूध घेऊ नये" अशीच राहणार. पाटी काढायचा अधिकार तपासणी करणाऱ्याला, दुसऱ्या कुणाला नाही, मलाही नाही.

तपासणी कशी करायची ते परत एकदा. सायलोच्या तळाच्या ड्रेनमधून शेवटचं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. गुलाबी झालं तर लाय शिल्लक आहे, परत पाणी मारा. रंग आला नाही म्हणून लगेच खूश व्हायचं नाही, कारण अॅसिड शिल्लक असेल तर फिनॉल्फ्थॅलिन रंगहीनच राहतं, म्हणून पीएच पेपरही लावायचा आणि तो आपल्या साध्या पाण्याच्या रंगाशी जुळला पाहिजे. आणि सॅम्पल वरच्या मॅनहोलमधून वाकून घेऊ नका, लाय तळात आणि बेंडात साचते, वर पाणी स्वच्छच दिसतं.

फेरीत दोघांनी बेंडाकडं बघायचंच. आपल्याकडं दुधाची लाईन आणि सीआयपीची लाईन यांच्यामध्ये काढता येणारा बेंड आहे, तो एका वेळी एकाच बाजूला बसतो, आणि तो मुद्दामच तसा आहे, दोन्हीकडं जोडलं जाऊच नये म्हणून. बेंड सीआयपीकडं आणि लॉगबुकात "दूध" लिहिलेलं असेल तर लॉगबुकाचं खरं मानू नका, बेंडाचं माना. लाय जेवढी फिरवायची ती फिरवताना गॉगल आणि ग्लोव्हज, हे दोन्ही पाळ्यांना, आणि ड्रमचा नंबर बघूनच पंप लावा, लाय आणि नायट्रिक एकमेकांत गेलं की उकळून अंगावर येतं.

पाश्चरायझर

हा चालू असतानाच चार्ज होतो त्यामुळं इथं जरा जपून. येणाऱ्यानं सही होईपर्यंत पॅनलला बोट लावायचं नाही. कायद्यानं किमान ७२ अंश आणि १५ सेकंद, आपण सेट पॉईंट ७६ ठेवतो, ते तुम्हाला माहितीच आहे.

सांगायचं काय? चालू कधी केला, मागच्या आठ तासांत एफडीव्ही किती वेळा डायव्हर्ट झाला आणि प्रत्येक वेळी कशामुळं, आणि स्टीम व्हॉल्व्ह किती टक्के उघडा आहे. शेवटचं लोक सांगत नाहीत म्हणून त्याचं कारण सांगतो. प्लेटांवर दुधाचा थर बसायला लागला की तेवढंच ७६ अंश ठेवायला स्टीम जास्त लागते. टेम्परेचरचा आकडा तर छान ७६ च दिसत राहतो, कंट्रोलर सांभाळून घेतो ना, पण व्हॉल्व्ह संध्याकाळी ४० टक्क्यांवर होता तो रात्री साडेदहाला ५५ वर गेलेला असतो. साडेपाचला सुरू केलेला पाश्चरायझर दीडच्या पुढं ओढायचा का मध्येच थांबवून सीआयपी घ्यायचं, हे रात्रपाळीला या टक्क्यांवरूनच ठरवायचं असतं. ते माहीत नसेल तर अडीच-तीनला, ऐन पॅकिंगच्या गर्दीत, तो धडाधड डायव्हर्ट व्हायला लागतो आणि मग सगळे बॉयलरवाल्याच्या नावानं शिमगा करतात.

अर्थात कधीकधी बॉयलरचंच असतं. ओली ब्रिकेट आली की स्टीमचं प्रेशर हलतं आणि डायव्हर्ट होतो. दोन्हीतला फरक असा, की प्रेशर पडलं तर डायव्हर्ट एकदम होतो आणि प्रेशर आलं की आपोआप ठीक होतो, थर बसला असेल तर व्हॉल्व्ह तासातासानं हळूहळू उघडत जातो. म्हणून चार्जमध्ये "तीनदा डायव्हर्ट, ७:१०, ७:२५ आणि ७:४०, तिन्ही वेळा स्टीम प्रेशर पडलं, त्यानंतर नाही" एवढं सांगितलं तरी येणाऱ्याला रात्र कशी जाणार ते कळतं. चार्टवर दोघांनी त्या तीन जागा बोटानं दाखवून बघायच्या, आणि त्यावर दोघांची सही.

पॅकिंग आणि रात्री १२

रात्रपाळीचा खास त्रास म्हणजे आपल्या पाळीत तारीख बदलते. दुसरी पाळी जाताना कोडर बरोबर असतो, आणि एका तासात तो चुकीचा होतो. कुणाची चूक हे नंतर भांडत बसण्यापेक्षा असं करू: जाणाऱ्यानं १०:४० चा एक रिकामा पाऊच, छापलेली बाजू कापून, लॉगबुकात चिकटवायचा. येणाऱ्यानं त्यावरची तारीख, बॅच आणि किंमत वाचून सही करायची. मग १२ वाजता तारीख बदलल्यावर पहिला पाऊच कापून त्याच्या शेजारी चिकटवायचा आणि वेळ लिहायची. बॅच मात्र तारखेबरोबर बदलत नाही, ती पाश्चराईज्ड दुधाच्या टाकीप्रमाणे चालते, टाकी बदलली की बॅच बदलली. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एका टाकीचं दूध दोन बॅचमध्ये जातं आणि तक्रार आली तर शोधायचं कुठं.

वजनाचं थोडक्यात. अर्धा लिटर दूध १.०३ घनतेनं ५१५ ग्रॅम भरतं, वर फिल्मचं वजन. चार्जच्या वेळी प्रत्येक हेडचे पाच पाऊच काट्यावर ठेवून आकडे लिहायचे, सरासरी नाही, पाचही. एक ५०९ आणि एक ५२१ असेल तर सरासरी ५१५ च येते आणि सगळं मस्त दिसतं. लीकेज सांगताना हेड आणि सील दोन्ही सांगा, "दोनच्या उभ्या सीलला, टेफ्लॉन साडेनऊला बदललं", एवढं. नुसतं "लीकेज जरा आहे" म्हटलं तर येणारा परत साडेनऊला बदललेलंच टेफ्लॉन बदलत बसतो.

रेफ्रिजरेशन, आणि उघडं पडलेलं काहीही

प्लँटरूममध्ये बर्फाच्या टाकीचं पाणी किती अंशाला आहे आणि कॉइलवर बर्फ किती उरलाय हे दोन्ही पाहिजे. पाणी १ अंशाला असेल पण बर्फ संपत आला असेल तर ते १ अंश तासाभराचं पाहुणं आहे. आपला लोड रात्री सगळ्यात जास्त असतो, टँकर आणि पाश्चरायझर एकदम चालतात, त्यामुळं दुसऱ्या पाळीनं बर्फ खाऊन टाकलेला असेल तर १०:४५ लाच कळलं पाहिजे, दीडला नाही. कुठला कॉम्प्रेसर बंद आहे, का बंद आहे, ऑईल कधी भरलं, अमोनियाचा वास कुठं येतोय का. वास "थोडासा नेहमी येतो" असं कुणी म्हटलं तर मला फोन करा, रात्री कितीही वाजता.

मेंटेनन्सचं एकच सांगतो. जे काही उघडलंय, काढलंय, बायपास केलंय किंवा तारेनं बांधून ठेवलंय ते तोंडानं सांगायचं आणि बोटानं दाखवायचं. पंपाचं गार्ड काढलेलं, कन्व्हेयरचा सेन्सर जंपर मारून ठेवलेला, असलं काही. हे लोक लपवतात असं नाही, तासाभरात परत लावतो म्हणून लिहीत नाहीत आणि मग विसरतात. पाटी आणि कुलूप ज्याचं आहे त्यानंच काढायचं, आणि तो घरी जाणार असेल तर जाताना येणाऱ्याचं कुलूप लागल्यावरच स्वतःचं काढायचं.

रिलीव्हर आला नाही तर

हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. ११ वाजता रिलीव्हर पॉईंटवर नसेल तर जाणाऱ्यानं मला किंवा शिफ्ट सुपरवायझरला फोन करायचा. ११:०५ ला सुपरवायझर स्वतः पॉईंटवर येऊन चार्ज घेईल, अगदी तसाच, पान वाचून, फेरी मारून, सही करून. मग जाणारा मोकळा, गाडी तोवर थांबवायची जबाबदारी माझी. उशिरा येणाऱ्याला नंतर सुपरवायझर चार्ज देईल. शेजारच्या पॉईंटवाल्याला "जरा माझ्याकडं बघ रे" म्हणून जायचं नाही, कितीही जवळचा दोस्त असला तरी.

दोघांचं पटलं नाही, म्हणजे येणारा म्हणतो हे असं नाही आणि जाणारा म्हणतो असंच आहे, तर सही करू नका. "मान्य नाही" लिहून नेमकं काय मान्य नाही ते एका ओळीत लिहा आणि मला बोलवा. याबद्दल कुणाला बोलणी बसणार नाहीत. पाश्चरायझरवाले तात्या म्हणाले की असं लिहिलं तर समोरच्याला राग येईल. येईल. ३ हजार लिटर ओतून द्यायला लागल्यावर जास्त येतो.

आणि सकाळचं

आतापर्यंत आपण चार्ज घेण्याचं बोललो, पण सकाळी ६:४५ ला तुम्ही देणार आहात आणि तेव्हा डोळे मिटत असतात, मला माहितीय, मीही १२ वर्षं रात्रपाळी केलीय. त्या वेळी डोक्यातून आठवून काही सांगायला जाऊ नका, निम्मं राहतं. घडेल ते त्या वेळी पानावर एका ओळीत टाकत जा, २:२० ला डायव्हर्ट झाला तर २:२० लाच. मग ६:३० ला फक्त आत्ताचे आकडे भरायचे राहतात. पहिल्या पाळीचे लोक ताजे असतात, प्रश्न विचारतात, कधीकधी फालतू विचारतात, तरी उत्तरं द्या.

नमुन्याला एक भरलेलं पान देतो, तिन्ही सायलोंच्या डॉकवाल्याचं, रात्री १०:३० चं. एवढंच लिहायचं, यापेक्षा जास्त निबंध नको:

"सायलो १: रिकामा, पायरी ५ सही ९:१५, पाटी काढली. सायलो २: १८ हजार लि., गाय, भरणं ६:२० ला सुरू, ८ वाजता ४.३, १०:३० ला ५.१, अॅजिटेटर चालू, सॅम्पल कॉकला ५.०, चिलरचं आऊटलेट ६ वर, रेफ्रिजरेशनला १०:१० ला सांगितलं. सीओबी निगेटिव्ह, अॅसिडिटी ०.१३५, न्यूट्रलायझर बाकी, लाल पाटी. सायलो ३: पायरी २ पूर्ण १०:२५, पायरी ३ बाकी, बेंड सीआयपीकडं, पाटी आहे. बाहेर टँकर २, पहिला १०:०५ पासून उभा, सॅम्पल लॅबला दिला. उघडं काही नाही."

यात दोनचं टेम्परेचर चढतंय ते खरं चढतंय, प्रोबची भानगड नाही, हे सॅम्पल कॉकच्या आकड्यावरून कळलं. चिलर धड गार करत नाही हे कळलं, म्हणजे बाहेरचे दोन टँकर लगेच आत घेतले तर तेही गरमच जाणार. तीनमध्ये घेता येत नाही. म्हणजे येणाऱ्यानं आधी प्लँटरूममध्ये जाऊन आऊटलेट खाली आणायचं बघायचं, मगच पहिला टँकर सायलो १ ला. हा सगळा निर्णय पान वाचून दोन मिनिटांत होतो.

नवीन लॉगबुकं रविवारी संध्याकाळी प्रत्येक पॉईंटवर ठेवलेली असतील, पेन दोरीला बांधून, कारण आपल्याकडं पेन टिकत नाही. पहिला आठवडा १०:४५ ला मी स्वतः डॉकवर असेन. गाडी पलूसहून आता ९:४० ला सुटेल, आष्ट्याहून १० ला, आणि मिरजेवाल्यांनी आपापलं बघा.